थांबण्याचा निरोप

१९६४ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक भरले होते. फिनलंडच्या ईरो मॅन्टिरांताने बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये १५ आणि ३० किलोमीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. १५ किलोमीटरच्या शर्यतीत त्याच्यामागून दुसरा आलेला खेळाडू तब्बल ४० सेकंदांनी मागे होता. मॅन्टिरांताच्या रक्तातले हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्याही वर असे. निरोगी पुरुषात ते साधारण १३ ते १७ ग्रॅम असते. साहजिकच, हा रक्तात काहीतरी गडबड करतो असा संशय त्याच्यावर वर्षानुवर्षे घेतला गेला.

पुढे फिनलंडमधल्या संशोधकांनी त्याच्या कुटुंबातल्या ९७ जणांची तपासणी केली. त्यातल्या २९ जणांचे हिमोग्लोबिन असेच चढे निघाले. १९९३ मध्ये आल्बर्ट द ला शापेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. लाल पेशी वाढवा, असा निरोप घेणाऱ्या एका प्रथिनाचे शेपूट या कुटुंबात जन्मतःच तुटलेले होते. शेपूट तुटल्यावर निरोप कमी पोचायला हवा होता, पण इथे तो जास्त जोराने पोचत होता. असे का झाले, हे कळण्यासाठी तो निरोप पेशीत कसा शिरतो ते पाहावे लागेल.

आपल्या हाडांतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मोडीत निघते. किती नव्या पेशी हव्यात याचा अंदाज मूत्रपिंडे घेतात. रक्तातून त्यांना प्राणवायू कमी मिळू लागला, की ती एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला रक्त कमी पडते ते मुख्यतः यामुळेच. डायलिसिस केंद्रात रुग्णाला दिले जाणारे ईपीओचे इंजेक्शन हीच उणीव भरून काढते.

ईपीओ पेशीच्या आत जात नाही. मगजातल्या कोवळ्या पेशींच्या आवरणात ईपीओसाठी खास ग्राहक प्रथिने रोवलेली असतात. त्यांचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो आणि लांब शेपूट पेशीच्या आत लोंबते. ईपीओचा एक रेणू बाहेरून अशा दोन ग्राहकांना एकाच वेळी पकडतो आणि त्यांना नेमक्या कोनात समोरासमोर आणतो. बाहेरून मिळणारा निरोप एवढाच.

या ग्राहकाला स्वतःला काहीही करता येत नाही. रासायनिक खूण उमटवण्याची, म्हणजे फॉस्फेट चिकटवण्याची, क्षमता त्याच्यात नाही. ते काम जॅक-२ नावाचे विकर करते आणि ते ग्राहकाच्या शेपटीच्या वरच्या भागाला आधीपासूनच बिलगून असते. दोन ग्राहक समोरासमोर आले, की त्यांच्यावरची दोन जॅक-२ विकरे एकमेकांवर फॉस्फेट चढवून जागी होतात. मग ती ग्राहकाच्या शेपटीवर ठरावीक ठिकाणी असलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात.

हे टायरोसिन म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या समजा. फॉस्फेट नसताना त्यांवर काहीच अडकत नाही. फॉस्फेट चढले की प्रत्येक खुंटीवर ठरलेले प्रथिन येऊन टांगले जाते. वरच्या बाजूच्या एका खुंटीवर स्टॅट-५ येते. जॅक-२ त्याच्यावरही फॉस्फेट चढवते. तसे झालेले दोन स्टॅट-५ रेणू ग्राहकाला सोडून एकमेकांना धरतात आणि ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाते. तिथे डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम ओळखून ती त्याला चिकटते आणि शेजारची जनुके चालू करते. ईपीओ चिकटल्यापासून इथवर यायला काही मिनिटे पुरतात. मधे कुठेही लांबलचक साखळी नाही: ग्राहक, त्याला बिलगलेले विकर आणि तिथून थेट जनुकापर्यंत जाणारे प्रथिन. शरीरातली इतर कित्येक सायटोकाइन्स आणि इंटरफेरॉन हीच रीत वापरतात. फक्त जॅकच्या चार आणि स्टॅटच्या सात प्रकारांपैकी कोणते निवडायचे, ते बदलते.

स्टॅट-५ ने चालू केलेल्या जनुकांपैकी एक जनुक पेशीला मरण्यापासून वाचवणारे प्रथिन बनवते. लाल पेशींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. मगजात कोवळ्या पेशी नेहमीच गरजेपेक्षा जास्त जन्माला येतात आणि ईपीओचा निरोप न मिळालेल्या बहुतेक पेशी मरून जातात. ईपीओचे मोठे काम आहे ते मरू घातलेल्या पेशींना जगवण्याचे. म्हणूनच निरोप जरा जास्त वेळ टिकला, तरी जगणाऱ्या पेशींची संख्या भराभर वाढते. तो वेळेवर थांबवावाच लागतो.

थांबवण्याची पहिली सोय त्याच शेपटीवर आहे. शेपटीच्या टोकाकडच्या एका खुंटीवर एसएचपी-१ नावाचे विकर येऊन बसते. त्याचे काम जॅक-२ च्या नेमके उलटे: ते फॉस्फेट काढून टाकते, अगदी जॅक-२ वरचेसुद्धा. म्हणजे जॅक-२ ने चढवलेले फॉस्फेटच त्याला गप्प करणाऱ्या विकराला बोलावून आणते. हे विकर पेशीत आधीपासून तयार असल्यामुळे ते लवकर कामाला लागते.

दुसरी सोय सावकाश येते, कारण तिला नवे प्रथिन बनवावे लागते. स्टॅट-५ जी जनुके चालू करते, त्यांतली काही स्टॅट-५ लाच आवरणारी प्रथिने बनवतात. त्यांतले सिस नावाचे प्रथिन शेपटीवरच्या खुंटीवर जाऊन बसते आणि स्टॅट-५ ला जागा मिळू देत नाही. त्याच कुळातले सॉक्स-३ आणखी पुढे जाते. ते जॅक-२ च्या काम करणाऱ्या खाचेलाच अडथळा आणते. शिवाय या कुळातली प्रथिने आपण धरलेल्या प्रथिनाला मोडीत काढण्याची खूण लावणारी यंत्रणा ओढून आणतात. निरोप जितका मोठा, तितकी ही प्रथिने जास्त तयार होतात. अखेरीस ग्राहकच पेशीच्या आत ओढला जाऊन नष्ट होतो.

आता मॅन्टिरांताच्या कुटुंबाकडे परत जाऊ. ग्राहकाच्या जनुकात एका जागी जी ऐवजी ए हे अक्षर आले होते. त्यामुळे ट्रिप्टोफॅनसाठीचा संकेत थांबा या संकेतात बदलला आणि ५०८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनातली शेवटची ७० तयारच झाली नाहीत. जॅक-२ बिलगण्याची जागा वर होती, ती शाबूत राहिली. स्टॅट-५ ची खुंटीही राहिली. गेली ती एसएचपी-१ ची. निरोप सुरू करणारे सगळे जागेवर होते, पण तो थांबवणाऱ्याला बसायला जागा नव्हती. प्रयोगशाळेत या लोकांच्या मगजातल्या पेशींना अगदी थोडे ईपीओ दिले, तरी त्या भरपूर वाढत.

तरीही या कुटुंबातल्या लोकांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. मॅन्टिरांता ७६ वर्षे जगला. याचे कारण असे, की निरोप सुरू व्हायला त्यांच्या पेशींनाही ईपीओ लागतच होते. रक्त वाढले, मूत्रपिंडांना प्राणवायू भरपूर मिळू लागला आणि त्यांनी ईपीओ कमी सोडले. पेशीच्या आतला आवर ढिला पडला, पण शरीराचा बाहेरचा आवर शाबूत होता. त्यामुळे रक्त चढ्या पातळीवर का होईना, स्थिर राहिले.

पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात नेमके हेच घडत नाही. १९७४ मध्ये प्रचल आणि अ‍ॅक्सेलरॅड यांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या मगजातल्या पेशी बशीत ईपीओ न घालताही लाल पेशींच्या वसाहती तयार करतात. त्याचे कारण कळायला २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्स, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या चार गटांना स्वतंत्रपणे एकच दोष सापडला. जॅक-२ मध्ये काम करणाऱ्या भागाच्या शेजारी, एरवी त्याला निजवून ठेवणारा एक भाग असतो. त्या भागातल्या ६१७ व्या जागेवरचे व्हॅलिन बदलून तिथे फेनिलअ‍ॅलानिन आले होते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल आढळतो. तो आईवडिलांकडून येत नाही, आयुष्यात कधीतरी मगजातल्या एखाद्या मूळ पेशीत घडतो आणि तिच्या वंशात पसरतो.

अशा पेशीतले जॅक-२ ईपीओची वाट पाहत नाही. मूत्रपिंडे ईपीओ जवळजवळ बंद करतात, तरी लाल पेशी वाढतच राहतात. शिवाय जॅक-२ केवळ लाल पेशींचे नाही. बिंबिका आणि काही पांढऱ्या पेशी वाढवणारे निरोपही त्याच्यामार्फतच जातात, म्हणून बहुधा त्यांचीही संख्या वाढते. रक्त दाट होते आणि त्यात गुठळ्या होऊन हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आंघोळीनंतर अंगाला सुटणारी तीव्र खाज हे या आजाराचे खास लक्षण आहे.

उपचार सुरू होतो तो रक्त काढण्यापासून. रक्तातले पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवले की गुठळ्यांचा धोका कमी होतो. २०१४ पासून काही रुग्णांसाठी रुक्सोलिटिनिब हे जॅकला अडवणारे औषधही वापरात आले. पण बिघडलेले आणि चांगले जॅक-२ यांत त्याला फरक करता येत नाही, आणि जॅक-१ लाही ते अडवते. त्यामुळे डोस जास्त झाला तर रक्त कमी होते, बिंबिका घटतात, नागीण उठू शकते आणि दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता, हे औषध सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी करणे गरजेचे आहे.

वाचकांनी यातून एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन जास्त आले की घरात आनंद होतो, पण ते पुरुषात १६.५ आणि स्त्रीत १६ ग्रॅमच्या वर सातत्याने येत असेल तर कारण शोधले पाहिजे. धूम्रपान, फुप्फुसाचा आजार, झोपेत श्वास अडखळणे किंवा उंच डोंगराळ भागातला मुक्काम यांनीही ते वाढते, पण तेव्हा ईपीओ सहसा कमी झालेले नसते. हिमोग्लोबिन चढे आणि ईपीओ कमी अशी जोडी दिसली, तर दोष निरोप घेणाऱ्या पेशीत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी रक्तविकारतज्ज्ञांना भेटा आणि जॅक-२ ची तपासणी करून घ्यायची का, हे त्यांना आवर्जून विचारा.