शेर, छटाक आणि ‘जळालेलं’ दूध

ईद जवळ आली की शीरखुर्म्याची कृती मागणारे फोन सुरू होतात. आमच्या घरातली कृती उर्दूत, जुन्या वहीत लिहिलेली आहे. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेल्या पिढीचं ते अक्षर. आता घरातल्या मुलांनाही ते मराठीतच हवं असतं. शब्द सोपे आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही.

आधी मापं. वहीत दूध दोन सेर, शेवया एक छटाक, साखर पावसेर आहे. आपल्याकडे शेर म्हटलं की जुन्या माणसांना धान्य मोजायचं मापही आठवतं, चार शेरांची पायली वगैरे. इथला सेर मात्र वजनाचा, 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. छटाक 5 तोळ्यांची, म्हणजे जेमतेम 58 ग्रॅम. तेव्हा मराठीत लिहायचं : दूध 1.8 लिटर, शेवया 60 ग्रॅम, साखर 230 ग्रॅम. शेवया इतक्या कमी पाहून पुष्कळांना चूक वाटते आणि ते पाव किलो टाकतात. मग शीरखुर्मा न होता खीर होते, आणि तीही तासाभरात घट्ट गोळा. शेवया दूध पीत राहतात, म्हणून गरम असताना तो पातळच दिसला पाहिजे.

दुसरी गफलत क्रियापदाची. ‘दूध आध सेर जल जाए’ याचं शब्दशः मराठी केलं तर कुणी भांडं करपवेल. अर्थ एवढाच, की अर्धा शेर दूध आटावं, दीड शेर उरावं. ‘निम्मं होईपर्यंत आटवा’ हेही चूक. तशी बासुंदी होते. ‘बदाम-पिस्त्याच्या हवाइयां’ म्हणजे पातळ काप, आणि चिरौंजी म्हणजे आपली चारोळी.

खुर्मा म्हणजे इथे खारीक, वहीत छुहारा. ती रात्रभर भिजवून, बी काढून, चिरून तुपावर परतायची. खारीक नसेल तर खजूर चालेल, असं समासात लिहिलंय. पण मराठीत नुसतं ‘खारीक किंवा खजूर’ लिहिलं की बिघडतं. खजूर भिजवायचा नाही, तो उकळत्या दुधात विरघळून जातो. म्हणून भांडं उतरवल्यावर घालायचा आणि साखर थोडी कमी करायची. बदली जिन्नसासोबत त्याची पायरीही बदलते, तेव्हा ती त्याच ओळीत लिहावी.

क्रमात साखर शेवटी आहे, आणि ते उगीच नाही. शेवया तुपावर बदामी भाजून दुधात घातल्या, की त्या बोटाने दाबून मऊ लागेपर्यंत साखर थांबवायची. आधी घातली तर शेवया लवकर शिजत नाहीत, दाताखाली चिवट लागतात. उर्दूत हे सगळं एकाच लांब वाक्यात, ‘करके, डालके’ असं येतं. मराठीत मी ते तोडून चार वाक्यं करतो, पण एकही जागा हलवत नाही. चारोळी मात्र घालण्याआधी एक दाणा चाखून बघा. खवट असेल तर सगळं दूध खवट होतं.