सावकाराला वय ठाऊक होतं का?

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होतं. आम्ही सात-आठ जण त्यावर दाटीवाटीने बसलो होतो. माझ्या मांडीवर प्रॅक्टिकलचं जर्नल होतं आणि गळ्यात पांढरा बँड अजून तसाच होता. तो काढायचंही सुचलं नव्हतं. दोन तासांपूर्वी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी मूट कोर्टात उभी राहिले होते आणि अवघ्या सात शब्दांच्या एका प्रश्नापुढे गप्प झाले होते.

मूट कोर्ट म्हणजे अभिरूप न्यायालय. विद्यार्थ्यांना एक काल्पनिक खटला दिला जातो. दोन बाजू पडतात. प्रत्येकाने आपल्या बाजूचं लेखी निवेदन द्यायचं, ज्याला आम्ही मेमोरियल म्हणतो, आणि मग न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या वकिलांपुढे किंवा प्राध्यापकांपुढे उभं राहून ते मांडायचं. साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. घटना काय घडली यावर वादच नसतो. त्या घटनेला कोणता कायदा लागू होतो, एवढ्यावरच सगळा युक्तिवाद. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत शंभर गुणांचा एक विषय यासाठी राखलेला आहे. तीन मूट कोर्टं तीस गुणांची, दोन खटल्यांचं निरीक्षण तीस गुणांचं, पक्षकाराशी बोलणं आणि वकिलाच्या कार्यालयातल्या कामाची डायरी तीस गुणांची. उरलेले दहा गुण या सगळ्यावरच्या तोंडी परीक्षेचे. म्हणजे एका मूटमधल्या बोलण्याला गुण जेमतेम पाच. बाकावर बसून मी हा हिशेब तीनदा केला होता, पण पोटातला गोळा काही कमी होत नव्हता.

आमचा काल्पनिक खटला असा होता. साडेसतरा वर्षांच्या एका मुलाने जन्माचा खोटा दाखला दाखवून एका खासगी सावकाराकडून दोन लाख रुपये उसने घेतले. ऐंशी हजारांची मोटरसायकल घेतली, बाकीचे पैसे मित्रांबरोबर फिरण्यात उडवले. सावकाराने वसुलीचा दावा लावला. मी मुलाच्या बाजूने होते.

मला वाटलं होतं, याहून सोपी बाजू मिळणार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या अकराव्या कलमानुसार अज्ञान व्यक्ती, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली व्यक्ती, करार करायला पात्र नाही. आणि अशा व्यक्तीचा करार मुळातच शून्य, असं प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगून ठेवलेलं. कायद्याच्या पहिल्याच वर्षी हे नाव पाठ होतं. त्या खटल्यातही सावकाराला पैसे परत मिळाले नव्हते. मी तेवढं मेमोरियलमध्ये लिहिलं आणि उभी राहून तेवढंच म्हटलं.

समोरच्या न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “त्या खटल्यात सावकाराला वय ठाऊक होतं का?”

मला माहीत नव्हतं. निकालाच्या सुरुवातीला जो सारांश छापलेला असतो, ज्याला हेडनोट म्हणतात, तेवढाच मी वाचला होता. मी मेमोरियलमधला परिच्छेद पुन्हा वाचायला लागले, आधीपेक्षा भरभर. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, “माय लॉर्ड, तत्त्व स्पष्ट आहे.” ते म्हणाले, “तत्त्व मी विचारलेलं नाही.” मग त्यांनी विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या तेहतिसाव्या कलमाबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्याचा इथे संबंध येत नाही. माझी जोडीदार खालून चिठ्ठी सरकवत होती, ती मी पाहिलीच नाही. उरलेली चार मिनिटं काय बोलले ते आजही आठवत नाही.

“अगं, बँड तरी काढ,” बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली. मी तो काढून पिशवीत ठेवायला गेले आणि हाताला मोहोरी बीबीच्या निकालाची छापील प्रत लागली. मेमोरियलला जोडायची म्हणून काढली होती. पहिलं पान सोडून एकाही पानाला घडी पडलेली नव्हती. माझा नंबर यायला अजून तिघं होते. मी दुसऱ्या पानापासून वाचायला घेतलं.

निकालात एक अख्खी गोष्ट होती. धर्मोदास घोष कलकत्त्याचा. त्याच्या नावावर मिळकत होती आणि उच्च न्यायालयाने त्याची आई पालक नेमलेली होती. न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर त्या काळी अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान होई. ब्रह्मो दत्त हा सावकार. तो कलकत्त्याबाहेर होता, म्हणून त्याचा सगळा व्यवहार केदारनाथ नावाचा त्याचा मुखत्यार वकील पाहत होता. वीस हजार रुपयांचं गहाणखत ठरलं. त्याची तयारी चालू असताना आईच्या वकिलाने केदारनाथला पत्र पाठवलं: मुलगा अजून अज्ञान आहे, त्याला पैसे देणारा आपल्या जबाबदारीवर देईल. पत्राची तारीख होती १५ जुलै १८९५. गहाणखत झालं २० जुलैला. त्याच दिवशी केदारनाथने मुलाकडून आपण सज्ञान आहोत असं लांबलचक निवेदन सही करून घेतलं. पुढे आईने मुलाच्या वतीने गहाणखत रद्द करून मागितलं. खटला चालू असताना ब्रह्मो दत्त वारला, आणि मोहोरी बीबी त्याच्या मागे लढत राहिली.

आपलं पत्र मिळालंच नाही, असं केदारनाथचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. आणि मुखत्याराला जे ठाऊक, ते सावकाराला ठाऊक, असं धरलं.

मी पेन्सिल काढली. पुढचं मात्र सावकाश वाचायला लागलं. सावकाराचा पहिला मुद्दा असा होता की मुलाने स्वतःच वय सांगितलं, आता त्याला उलट बोलता येणार नाही. एकाने काही सांगायचं, दुसऱ्याने त्यावर विसंबून वागायचं आणि मग पहिल्याने शब्द फिरवायचा, हे कायदा चालू देत नाही, हे खरं. पण प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, ज्याला खरी गोष्ट आधीच ठाऊक आहे तो विसंबलाच कुठे? म्हणून तो नियम इथे लागूच होत नाही. सावकाराला ठाऊक नसतं तर काय, हा प्रश्न त्यांनी सोडवलेलाच नव्हता.

दुसरा मुद्दा पैसे परत करण्याचा. दस्तऐवज रद्द करताना, न्याय्य वाटलं तर भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार तेव्हाही न्यायालयाला होता, १८७७ च्या कायद्याने. कलकत्त्याच्या न्यायालयांनी तो वापरला नाही, कारण मुलगा अज्ञान आहे हे माहीत असताना पैसे दिले गेले होते. प्रिव्ही कौन्सिलला त्यात हात घालावासा वाटला नाही.

म्हणजे ज्या निकालावर मी विसंबले होते, त्यातले पैसे बुडण्याचं कारणच मुळी सावकाराचं ते ठाऊक असणं होतं. आमच्या खटल्यातल्या सावकाराला तर खोटा दाखला दाखवून फसवलं गेलं होतं. करार शून्य आहे, इथवर मोहोरी बीबी माझ्या बाजूने होती. पण पैसे परत करायचे की नाही, या वळणावर तो निकाल माझ्या विरोधकाच्या हाती गेला होता, आणि तो तिथे नेऊन ठेवला होता मीच. न्यायमूर्तींच्या सात शब्दांत एवढं सगळं होतं.

तेहतिसाव्या कलमाचं पुस्तक मैत्रिणीकडे होतं. १९६३ च्या कायद्याचं हे कलम म्हणतं की, आपण करार करायला पात्र नव्हतो या कारणाने प्रतिवादीने दावा परतवला, तरी त्याला करारातून काही लाभ मिळाला असेल, तर न्यायालय तो परत करायला लावू शकतं. पण कितपत? त्याला किंवा त्याच्या मिळकतीला जेवढा लाभ झाला असेल तेवढाच. मी हे वाक्य दोनदा वाचलं. यात मुलाची पडती बाजू होती आणि त्याचा बचावही होता. मोटरसायकल घराखाली उभी आहे, ती द्यावी लागेल. पण मौजमजेत उडून गेलेल्या एक लाख वीस हजारांतून त्याच्या मिळकतीत काय उरलं? तिथे पाय रोवून भांडता आलं असतं. सगळंच नाकारण्याच्या नादात मी राखता येण्याजोगी जागाही सोडून दिली होती.

शिपाईमामांनी दार उघडून माझा नंबर पुकारला.

आत बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांना वरच्या मजल्यावर काय झालं याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी जर्नल चाळलं, खटल्याच्या निरीक्षणाची पानं पाहिली, आणि मूटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “सांगा, यात तुमचा मुख्य आधार काय होता?”

“मोहोरी बीबी, सर. पण मी तो चुकीच्या जागी वापरला.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे कसा?”

मी गोष्ट सांगितली. आईच्या वकिलाचं पत्र, पाच दिवसांनी झालेलं गहाणखत, मुखत्याराला असलेली माहिती. आमच्या खटल्यातला सावकार तसा नव्हता, हेही सांगितलं. ते म्हणाले, “मग आता मुलाच्या वतीने काय म्हणाल?” मी म्हटलं, “करार शून्य आहे, हे म्हणेन. तेहतिसावं कलम लागू होतं, हे मान्य करेन. आणि परतफेड मोटरसायकलपुरतीच असावी, अशी विनंती करेन.”

“आणि समोरचा म्हणाला, फिरायला गेलात तोही लाभच?”

मी थांबले. हे मी बाहेर वाचताना मनात आणलं नव्हतं. “सर, याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न फौजदारी खटल्याच्या निरीक्षणावर विचारला.

आता मी वकिली करते. माझ्या हाताखालची मुलं निकाल घेऊन येतात तेव्हा आधी मी त्यांना तो मिटून ठेवायला सांगते आणि विचारते, कोणी कोणाला काय दिलं, कधी दिलं, आणि देताना त्याला काय ठाऊक होतं? ज्याने नुसती हेडनोट वाचलेली असते तो इथेच अडखळतो. त्याला नियम सांगता येतो, माणसं सांगता येत नाहीत. आणि न्यायाधीश जेव्हा तुमचा निकाल बाजूला सारतात, तेव्हा नियम खोटा आहे असं क्वचितच म्हणतात. त्यातली माणसं वेगळी होती, असंच म्हणतात.

ती छापील प्रत अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या आहेत. १५ जुलै, पत्र. २० जुलै, पैसे.