एकशे त्रेसष्टातले सत्तावीस

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोलीचा एक अभ्यास छापून आला. डॉ. अभय बंग आणि ‘सर्च’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याची पद्धत उभी केली होती आणि शेजारच्या ४७ गावांशी तिची तुलना केली होती. गावातलीच प्रशिक्षित बाई घरी येऊन बाळाला तपासायची, वजन करायची आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायची. त्या निबंधाच्या सारांशातले एक वाक्य असे: जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के (१६३ बाळे) होते, ते नंतर २.८ टक्के (७१ बाळे) झाले, पी ०.०१ पेक्षा कमी.

एवढ्याच मजकुरावर पेन्सिल घेऊन बसले तर बरेच काही पडताळता येते. मूळ नोंदवह्या लागत नाहीत.

बाळे पूर्णांकातच मोजली जातात, पहिली पायरी तिथेच आहे. १६३ पैकी २६ दगावली असती तर प्रमाण १६.० छापावे लागले असते आणि २८ दगावली असती तर १७.२. छापलेले १६.६ फक्त २७ नेच येते. ७१ पैकी २.८ टक्के म्हणजे २. एक असता तर १.४, तीन असते तर ४.२. दोन्ही टक्केवाऱ्यांमागे एकेकच पूर्णांक बसतो आणि तो नेमका बसतो. क्षुल्लक वाटणाऱ्या या चाचणीत पुष्कळ निबंध नापास होतात. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये मानसशास्त्रातले ७१ निबंध अशाच पद्धतीने तपासले. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त निबंधांत छापलेली निदान एक सरासरी तेवढ्या माणसांच्या पूर्णांकी उत्तरांतून निघूच शकत नव्हती.

आता त्या ‘पी’कडे येऊ. उपचाराचा काही परिणामच नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी. दोन्ही गट एकत्र केले तर २३४ बाळांत २९ मृत्यू, म्हणजे १२.४ टक्के. गटांचे आकार १६३ आणि ७१ असताना दोन टक्केवाऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाने साधारण ४.७ अंकांनी इकडेतिकडे हलतो. या हलण्याला प्रमाण त्रुटी म्हणतात. प्रत्यक्षात फरक आहे १३.७ अंकांचा. भागाकार २.९. हा भागाकार म्हणजेच कसोटीचा आकडा. तो २ च्या जवळ असेल तर पी ०.०५ च्या आसपास, २.६ ला ०.०१ आणि ३.३ ला ०.००१. इथे पी ०.००३ च्या आसपास येतो. लहान गटांसाठी केली जाणारी कडक दुरुस्ती लावली तर ०.००७. म्हणजे ‘०.०१ पेक्षा कमी’ हे विधान दोन्ही रीतींनी टिकते.

पण त्या ७१ बाळांत दोनऐवजी तीन मृत्यू झाले असते तर? साध्या रीतीने पी ०.००९ येतो, कडक रीतीने ०.०१७. उपचार उपयोगी ठरतो हा निष्कर्ष तेव्हाही कायम राहिला असता, पण ‘०.०१’ ही मोहोर कुठली रीत वापरली यावर अवलंबून राहिली असती.

मृत्यू मोजता येतात, म्हणून वरचा हिशेब सोपा होता. वजन किंवा हिमोग्लोबिन अशा मोजमापांत मात्र प्रमाण विचलन येते आणि घोटाळे तिथे जास्त होतात. समजा, एका छोट्या अभ्यासाचा सारांश आपल्यासमोर आहे. हा मी उदाहरणासाठी रचलेला आहे, पण त्यातल्या चुका नेहमीच्या आहेत. दोन गटांत ३६-३६ बाळे. जन्मवजनाची सरासरी एकात २५२० ग्रॅम, दुसऱ्यात २३४० ग्रॅम. प्रमाण विचलन ३९० आणि ४१०. फरक १८० ग्रॅम, त्याचे ९५ टक्के विश्वासांतर ८६ ते २७४, कसोटीचा आकडा १.९१, पी ०.०३.

प्रमाण विचलन सांगते की एकेक बाळ सरासरीपासून साधारण किती दूर आहे. प्रमाण त्रुटी सांगते की सरासरी स्वतः किती डळमळीत आहे. विचलनाला बाळांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की त्रुटी मिळते. ३६ चे वर्गमूळ ६, म्हणून त्रुटी ६५ आणि ६८. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि तिचे वर्गमूळ घेतले की फरकाची त्रुटी येते: ९४ ग्रॅम. १८० भागिले ९४ म्हणजे १.९१. कसोटीचा आकडा बरोबर आहे.

विश्वासांतर मात्र फरकाच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन त्रुटी पसरायला हवे, म्हणजे उणे ८ ते ३६८. छापलेले अंतर दोन्ही बाजूंना फक्त ९४ सरकते. कुणीतरी दोनने गुणायचे विसरले आणि एका त्रुटीलाच ९५ टक्क्यांची पाटी लावली. खरे अंतर शून्याला पोटात घेते, छापलेले शून्यापासून ऐटीत दूर उभे आहे. पी ०.०३ कुठून आला? १.९१ चा दुहेरी पी ०.०६ असतो. ०.०३ म्हणजे एकाच बाजूची शक्यता धरलेली, तसे न सांगता. दोन्ही चुका एकाच दिशेने झुकल्या, हे मला योगायोगाचे वाटत नाही. मनासारखे उत्तर आले की माणूस पुन्हा गणित करत नाही.

तिसरी चूक आकडेमोड न करताही पकडता येते. त्याच सारांशात प्रमाण विचलन म्हणून ‘६५ ग्रॅम’ छापले असते, तर जवळपास सगळी बाळे सरासरीच्या १३० ग्रॅमच्या आत असायला हवीत. गावात तराजू घेऊन फिरलेली कुठलीही आरोग्यदूत यावर हसेल. जन्मवजनाचे विचलन साधारण ४०० ग्रॅमच्या घरात असते. ६५ ला ६ ने गुणा, ३९० येते. म्हणजे विचलनाच्या जागी त्रुटी छापली गेली.

उलट, आकडे जुळत नाहीत म्हणजे चूकच, असेही नाही. विश्वासांतर कधी वय किंवा शिक्षणाचा परिणाम वजा करून काढलेले असते, कधी त्याच बाळांची आधीची-नंतरची वजने जोडीने तुलनेत असतात. मग नुसत्या विचलनांवरून ते परत बांधता येत नाही. गुणोत्तराचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे नसतेच. तेव्हा लेखकाला विचारावे की हे अंतर कशावरून काढले.

आणि सगळे जुळले तरी एक गोष्ट उरते. गडचिरोलीची १६३ आणि ७१ बाळे वेगवेगळ्या काळातली आहेत. मधल्या काळात दुसरे काही बदलले असेल तर ते वरच्या भागाकारात दिसणार नाही. त्यासाठीच ती ४७ गावे होती. ‘लॅन्सेट’मधला सारांश सांगतो की काळजी मिळालेल्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला आणि तुलनेच्या गावांचा हिशेब धरून निव्वळ घट ६२.२ टक्के झाली. ६२ वरून २५.५ म्हणजे ५८.९ टक्क्यांचीच घट. उरलेले ३.३ तुलनेच्या गावांतून आले असणार. तिथला दर सुरुवातीला ५८ होता, तेव्हा तो मधल्या काळात कमी झाला नाही, उलट साठच्या आसपास गेला.