उत्तर आहे, गणित हरवलंय

“काका, उत्तर आहे, पण गणितच नाहीये,” असं म्हणत शेजारच्या मुलीनं वही पुढं केली. बारावीला आहे. मैत्रिणीच्या पुस्तकातल्या गणिताचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो साफसफाईत उडाला; पुस्तक परत गेलं. वहीत शेवटची ओळ तेवढी ठळक होती: y = 2/(1 − x²). तिचा प्रश्न साधा होता, “उलटं जाऊन मूळ गणित काढता येईल ना?”

येईल की नाही, हे शिल्लक काय आहे यावर ठरतं. पण त्याआधी गणित कसलं होतं ते पाहू. अवकल समीकरण, म्हणजे मुलांच्या तोंडचं डिफरन्शियल इक्वेशन, आपल्याला वक्ररेषा देत नाही. ती रेषा प्रत्येक ठिकाणी किती चढते किंवा उतरते एवढंच सांगतं. dy/dx म्हणजे तो चढ. त्यावरून रेषा शोधायची. यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे ज्यात y असलेला सगळा भाग एका बाजूला आणि x असलेला दुसऱ्या बाजूला नेता येतो. ही युक्ती लाइब्निझनं 1691 मध्ये हॉयगेन्सला पत्रातून कळवली होती, आणि आजही शिकवण्याची सुरुवात तिथूनच होते.

समजा, छापील गणित असं होतं: dy/dx = xy², आणि x = 0 असताना y = 2. दोन्हीकडं वाटणी केली की dy/y² = x dx. दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन केलं की −1/y = x²/2 + C. हा C म्हणजे कॉन्स्टंट, आणि तो कितीही असू शकतो. म्हणून ही एक रेषा नसून रेषांचं अख्खं कुटुंब आहे. आता x = 0, y = 2 घातलं की C = −1/2 मिळतो, आणि थोडी सरळसफाई केली की वहीतली ओळ हाती येते.

उलट येताना मात्र पंचाईत होते. y = 2/(1 − x²) चं डेरिव्हेटिव्ह काढलं तर dy/dx = 4x/(1 − x²)² येतं. हेच मूळ गणित असू शकतं. पण y² म्हणजे 4/(1 − x²)², तेव्हा त्याच उजव्या बाजूला xy² असंही लिहिता येतं. आणि 2xy/(1 − x²) असंही. तिन्ही समीकरणांत चल वेगळे करता येतात, तिन्हींना ‘x = 0 असताना y = 2’ ही अट लावली की उत्तर तंतोतंत एकच. नुसत्या शेवटच्या ओळीवरून यातलं कुठलं छापलं होतं हे कुणीही सांगू शकणार नाही.

मग फरक काय पडतो? अट जरा हलवून पाहा. x = 0 असताना y = 2 ऐवजी 3 घ्या आणि x = 0.5 ला y किती येतो ते काढा. xy² वाल्या समीकरणाचं उत्तर y = 6/(2 − 3x²) होतं आणि 4.8 मिळतात. 2xy/(1 − x²) वाल्याचं y = 3/(1 − x²) होतं आणि 4 मिळतात. तिसऱ्यात तर y = 2/(1 − x²) + 1, म्हणजे सुमारे 3.67. तिन्ही समीकरणांची कुटुंबं निराळी. (0, 2) मधून जाणारी एक रेषा तेवढी सामाईक निघाली. परीक्षेत अट बदलून गणित आलं, तर चुकीचं समीकरण पाठ केलेली मुलगी तिथंच अडकेल.

म्हणून मी तिला शेवटच्या ओळीच्या वरचं, खोडलेलं वाचायला सांगितलं. तिथं पेन्सिलीनं −1/y = x²/2 + C असं पुसट दिसत होतं. बस्स, काम झालं. C असलेली ओळ सापडली की अख्खं कुटुंब सापडलं. दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. C चं डेरिव्हेटिव्ह शून्य, तो आपोआप गळतो. डावीकडं (1/y²)·dy/dx, उजवीकडं x. म्हणजे dy/dx = xy². त्या ओळीत log y दिसला असता तर संशय 2xy/(1 − x²) वर गेला असता, कारण dy/y चं इंटिग्रेशन केल्याशिवाय तिथं log y येत नाही. शिक्षक शेवटच्या ओळीला चौकट करायला लावतात; माझ्या मते चौकट या मधल्या ओळीला हवी.

एक गोष्ट मात्र यातूनही सुटते. y² नं भागताना y शून्य नाही हे आपण गृहीत धरलं. पण y = 0 ही सपाट रेषासुद्धा dy/dx = xy² ला चालते, आणि C ची कुठलीही किंमत घातली तरी ती त्या ओळीतून निघत नाही. गणितातली अट ‘x = 0 असताना y = 0’ अशी असती, तर सगळा खटाटोप व्यर्थ; उत्तर सरळ y = 0.

अट परत मिळवणं आणखी अवघड. रेषेवरचा कुठलाही बिंदू अट म्हणून दिलेला असू शकतो: (0, 2) चालेल, x = 1/2 ला y = 8/3 पण चालेल. पुस्तकवाले सुटसुटीत आकडे घेतात, म्हणून पहिल्यावर पैज लावायची. पण x = 2 असताना y = −2/3 ही अटही याच सूत्रात बसते, आणि तिथं गंमत आहे. x = 1 जवळ आलं की छेद शून्याकडं जातो आणि y आभाळाला भिडतो; रेषा तिथं तुटते. (0, 2) पासून निघालेलं उत्तर −1 आणि 1 यांच्या मधेच खरं. (2, −2/3) पासून निघालेलं 1 च्या पुढं खरं. सूत्र एकच, उत्तरं दोन. काटेकोर लिहायचं तर सूत्राशेजारी x ची हद्दही लिहायला हवी. वहीत ती नव्हती, बहुतेक वह्यांत नसते.

तिच्या वहीत दुसरंही एक गणित होतं. फोटो असतानाच तिनं ते घाईत उतरवून घेतलं होतं: dy/dx = x/y+1, x = 0 असताना y = 2. छापील पानावर अपूर्णांकाची आडवी रेघ कुठपर्यंत होती हे आता कसं कळणार? 1 रेघेखाली असेल तर (y + 1) dy = x dx असं वेगळं होतं. 1 बाहेर असेल तर वेगळं होतच नाही, तिथं y = vx घालावं लागतं. “धडा कुठला होता?” मी विचारलं. “व्हेरिएबल सेपरेबल.” म्हणजे कंस घालायचा: x/(y + 1). पुढं तिनंच केलं: (y + 1)² = x² + 9. वर्गमूळ घेताना तिनं अधिक-उणे दोन्ही चिन्हं लिहिली आणि माझ्याकडं पाहिलं. उण्यानं x = 0 ला y = −4 येतो, अधिकानं 2. तिनं उणं खोडलं, y = −1 + √(x² + 9) लिहिलं आणि या वेळी वर मूळ गणित कंसासकट उतरवून काढलं.