माल घेण्यासाठी दिलेले अधिकारपत्र: त्यात काय लिहावे आणि का

पुरवठादाराच्या कार्यालयातून आपल्या वतीने माल किंवा कागदपत्रे घेण्यासाठी एखाद्या व्यक्तीला नाव घेऊन दिलेली लेखी परवानगी म्हणजे अधिकारपत्र. बोलीभाषेत याला ‘ऑथॉरिटी लेटर’ म्हणतात. हे पत्र माल देणाऱ्या लिपिकाच्या एका प्रश्नाचे उत्तर असते: ‘मी आज हे खोके या माणसाच्या हाती दिले, तर उद्या त्याची संस्था माल मिळालाच नाही असे म्हणू शकेल का?’ पत्रातील प्रत्येक ओळ या प्रश्नाशी जोडून पाहिली की मसुदा पाठ करावा लागत नाही.

कायद्याचा आधार

भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार पत्र देणारी संस्था ही प्रधान आणि पत्र घेऊन जाणारा हा तिचा अभिकर्ता, म्हणजे एजंट. माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 33 प्रमाणे खरेदीदाराने अधिकृत केलेल्या व्यक्तीच्या ताब्यात माल गेला, तरी तो खरेदीदाराला पोचता झाला असे धरता येते. त्यामुळे प्रतिनिधीने पोचपावतीवर केलेली सही संस्थेलाच बांधते.

एक उदाहरण

समजा, पुण्यातील एका महाविद्यालयाने 4 ऑसिलोस्कोप मागवले आहेत. पुरवठादाराचे कार्यालय कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर 5 मध्ये आहे. प्रयोगशाळा सहायक प्रशिक्षणासाठी तिथे जाणारच आहेत, म्हणून येताना तेच उपकरणे आणतील असे ठरते. पत्राचा मुख्य भाग असा होईल:

> आमच्या खरेदी आदेश क्र. ___, दि. ___ नुसार 4 ऑसिलोस्कोप, त्यांची 4 कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे व मूळ बिल ताब्यात घेण्यासाठी आमचे प्रयोगशाळा सहायक श्री. ___ (संस्थेचे ओळखपत्र क्र. ___) यांना अधिकृत करीत आहोत. त्यांच्या सहीचा नमुना खाली साक्षांकित केला आहे. हे पत्र 10 ते 14 जून या काळात, एकाच वेळेसाठी वैध आहे. आदेशातील वस्तू, संख्या किंवा किंमत बदलण्याचा अधिकार त्यांना नाही.

खाली प्रतिनिधीची सही, तिच्या शेजारी ती साक्षांकित करणारी प्राचार्यांची सही, शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक. पत्ता लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॉल्ट लेकचे अधिकृत नाव बिधाननगर आहे आणि तेथील पत्ते दोन अक्षरी ब्लॉकवरून, उदा. ‘डीएन’, ओळखले जातात. नुसते ‘सेक्टर 5’ लिहून कार्यालय सापडत नाही; ब्लॉक आणि भूखंड क्रमांकही हवा.

नमुना सही नसेल, तर पत्र हरवल्यावर ते सापडलेला कोणीही ते नाव सांगून माल मागू शकेल. सही असली की लिपिक समोरच्या माणसाला पोचपावतीवर सही करायला लावून ती पत्रातल्या सहीशी ताडून पाहू शकतो. ‘अमुक किंवा त्यांनी पाठवलेली व्यक्ती’ असेही लिहू नये. नेमलेले काम अभिकर्त्याने स्वतःच करायचे असते, ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हा कलम 190 चा सर्वसाधारण नियम आहे. त्या एका शब्दप्रयोगाने आपणच तो सैल करतो.

चूक कुठे होते?

सहायक तिथे पोचले तेव्हा 3 च उपकरणे तयार होती. लिपिक म्हणाला, “चारची सही करून टाका, चौथे कुरियरने पाठवतो.” अशी सही केली, तर चौथे उपकरण न आल्यास ते मिळाले नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे महाविद्यालयावर येते. योग्य रीत अशी: पोचपावतीवर स्वतःच्या हाताने ‘3 नग मिळाले, 1 बाकी, खोकी सीलबंद, आतील माल तपासलेला नाही’ असे लिहून मग सही करावी. माल ताब्यात घेणे आणि माल स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही, असे माल विक्री अधिनियमाचे कलम 41 सांगते. ‘तपासून मिळाला’ या छापील ओळीखाली सही केली, तर हा बचाव दुबळा होतो. पत्र ‘एकाच वेळेसाठी’ असल्यामुळे चौथ्या नगासाठी नवे पत्र द्यावे लागेल.

अधिकार काढून घेणे

समजा, सहायकांचे जाणे रद्द झाले. त्यांच्याकडून पत्र परत घेतले तरी काम पुरे होत नाही. कलम 208 प्रमाणे अधिकार संपल्याचे तिसऱ्या पक्षाला कळेल तेव्हाच, त्याच्यापुरता, तो संपतो. म्हणून त्याच दिवशी पुरवठादाराला जावक क्रमांकाचा उल्लेख करून ईमेलने कळवावे आणि त्याचे उत्तर फाइलला लावावे. उत्तर येण्याआधी कोणी ते पत्र दाखवून माल नेला, तर तोट्याचा वाद आपल्याच दारी येण्याची शक्यता असते. वैधतेची शेवटची तारीख पत्रात लिहायची ती यासाठीच: कळवायचे राहून गेले, तरी त्या दिवसानंतर पत्र आपोआप निरुपयोगी ठरते.