सोलर बंबाचे पाणी : आधी थंड, मग गरम

चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापले की वाफ दिसते, म्हणून आपण जपून वागतो. सोलर बंबाचे पाणी मात्र नळातून येते, आणि नळाचे पाणी थंड असते अशी आपल्या हाताला सवय असते. या सवयीमुळेच भाजण्याचे प्रसंग घडतात.

आमच्या घरी १०० लिटरचा बंब आहे. मागे एका मार्च महिन्यात घरातील शाळकरी मुलाने लाल खुणेचा नळ उघडला. पाणी थंड आले. गरम पाणी संपले असे समजून त्याने नळ पूर्ण सोडला व हात धारेखाली धरून ठेवला. काही क्षणांतच कढत पाणी आले. आम्ही लगेच त्याचा हात वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरला. त्यामुळे फोड आले नाहीत. टूथपेस्ट किंवा शाई लावली नाही, कोणीही लावू नये.

याचे कारण सोपे आहे. गच्चीवरील टाकीपासून बाथरूमपर्यंत आमचा अर्ध्या इंचाचा पाइप सुमारे १२ मीटर लांब आहे. त्यात जवळपास दोन लिटर पाणी मावते. ते रात्रभर निवते. म्हणून पहिले दोन लिटर पाणी थंड येते आणि मागून टाकीतील पाणी येते. मार्चमध्ये ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकते. ७० अंशाचे पाणी सुमारे एका सेकंदात त्वचा भाजते. ६० अंशाच्या पाण्याला मोठ्या माणसाच्या बाबतीत पाचेक सेकंद, तर ५० अंशाला काही मिनिटे लागतात. लहान मुले व वृद्ध यांची त्वचा याहून लवकर भाजते.

मग टाकीतील पाणीच कोमट ठेवावे काय? तसे करू नये. कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहिले तर त्यात रोगजंतू वाढू शकतात. म्हणून टाकीतील विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवावा आणि पाण्याची कढत बाथरूममध्ये मोडावी.

हा हीटर ढगाळ दिवसांसाठी असतो. सकाळी टाकीत ४५ अंशाचे पाणी असेल तर १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास पावणेदोन युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर सुमारे पाऊण ते एक तास चालतो. तो रात्रभर चालू ठेवला तर सकाळी उन्हाला तापविण्यासारखे काही उरत नाही. पहाटे, गरज असेल तेव्हाच लावावा. थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करतो, ऊन थांबवीत नाही, हे विसरू नये. म्हणून उन्हाच्या दिवसांत पाणी ६० अंशांच्याही वर जाते.

आता मिश्रणाचा हिशेब पाहू. विद्यार्थ्यांनी तो वहीत करून पाहावा. आंघोळीला ४० अंशाचे पाणी हवे आहे. डिसेंबरात थंड पाणी २० आणि गरम ६० अंश असेल तर दोन्ही निम्मे निम्मे, म्हणजे १८ लिटरच्या बादलीत नऊ-नऊ लिटर लागेल. मार्चमध्ये थंड २५ आणि गरम ७० अंश असेल तर गरम पाणी एक तृतीयांश, म्हणजे फक्त सहा लिटर पुरेल. डिसेंबरच्या अंदाजाने मार्चमध्येही निम्मे गरम घेतले तर बादलीतील पाणी ४७ अंशांच्या पुढे जाईल. अंदाज ऋतूप्रमाणे बदलतो तो असा. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम सोडावे, ढवळावे आणि कोपराने पाहूनच अंगावर घ्यावे.

शॉवरला मिक्सर असेल तर दोन्ही पाण्यांचा दाब सारखा हवा. गरम व थंड दोन्ही पाणी गच्चीवरील एकाच टाकीतून आले तर दाब जवळपास सारखा राहतो. थंड पाणी पंपाच्या जोराने येत असेल, तर ते मिक्सरमधून गरम पाइपात उलटे शिरते. थंड नळातून अधूनमधून कोमट पाणी येऊ लागले, तर पाणी मिक्सरमधून दुसऱ्या पाइपात शिरत असल्याचा संशय घ्यावा. त्यावर दोन्ही पाइपांना नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. मात्र टाकीवरील हवेचा उभा पाइप कधीही बंद करू नये, वाफेला वाट तोच देतो.

शॉवर चालू असता दुसऱ्याने थंड नळ उघडला की थंड धार मंदावते आणि अंगावर एकदम कढत पाणी येते. ज्या घरी लहान मूल किंवा वृद्ध आहेत, तेथे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसविणे उत्तम. थंड पाणी थांबले तर तो गरम धारही अडवितो. तो बसविल्यावर थंड नळाची चावी बंद करून त्याची परीक्षा घ्यावी. गरम धार लगेच थांबली पाहिजे.

एवढे करणे ज्यांना तूर्त शक्य नाही, त्यांनी गरम नळाखाली रिकामी बादली ठेवून पहिले दोन-तीन लिटर पाणी तीत सोडावे. ते वाया जात नाही, थंड पाण्यातच मोजले जाते. नळ मात्र हात दूर ठेवूनच उघडावा. आमच्या घरची मुले आता तसेच करतात.