ओला थर किती, सुका किती?

लोखंडी गर्डरवर इपॉक्सी प्रायमरचा सुकलेला थर 75 मायक्रॉन हवा आहे. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात घनभाग आकारमानाने 60 टक्के दिलाय. उरलेले 40 टक्के द्रावक उडून जाणार. म्हणून 75 ला 0.60 ने भागायचं: ओला थर 125 मायक्रॉन हवा.

रंग लावताच रंगारी दातेरी पट्टी त्यात काटकोनात टेकवतो. रंग लागलेला शेवटचा दाता आणि त्यापुढचा कोरडा दाता, यांच्या दरम्यान ओली जाडी असते. उशीर केला तर द्रावक उडतं आणि आकडा कमी दिसतो.

खरी गफलत थिनरमुळे होते. पाच लिटर रंगात एक लिटर थिनर मिसळलं की सहा लिटरांत घनभाग तीनच लिटर, म्हणजे 50 टक्के. आता 125 मायक्रॉन ओला थर सुकून 62.5 वरच येतो. 75 साठी 150 लावावा लागतो.